डावा हेडलाइट सारखा उडतोय? नवा बल्ब घेण्याआधी मागचं रबर बघा

पावसाळा लागला की साताऱ्यात ही तक्रार हमखास ऐकू येते. एकाच बाजूच्या हेडलाइटमध्ये पाण्याचे थेंब दिसतात आणि त्याच बाजूचा बल्ब दर दोन-चार महिन्यांनी उडतो. नवा टाकला की काही दिवस बरे जातात, मग यवतेश्वरच्या नाहीतर केळघरच्या घाटात, ऐन धुक्यात, तो पुन्हा जातो. दुसऱ्या बाजूचा मात्र गाडी घेतल्यापासून आहे तसाच. मग माणूस बल्बच्या कंपनीला नावं ठेवतो, पुढच्या वेळी महागातला घेतो, आणि तोही जातो.

दोन्ही बाजूंना वीज त्याच बॅटरीतून येते, खड्डे दोन्हीकडे तेच. तरीही एकच बाजू सतावत असेल तर बल्बपेक्षा तो बसवण्याच्या कामावर संशय घ्यावा. एकतर बल्बच्या काचेला हात लागलाय, नाहीतर मागचं रबर नीट बसलेलं नाही. बऱ्याचदा दोन्ही एकदमच झालेलं असतं, कारण दोन्हींचं मूळ एकच आहे: त्या बाजूला हात जायला जागा नसते. आपल्याकडच्या कित्येक छोट्या गाड्यांत डाव्या हेडलाइटच्या अगदी पाठीमागे बॅटरी असते. कामाची घाई असते, बॅटरी काढायचा कंटाळा असतो, आणि सगळं काम न बघता नुसत्या चाचपण्यावर उरकलं जातं.

खाली लिहिलंय ते एच ४ बल्बच्या गाड्यांसाठी. म्हणजे एकाच बल्बमध्ये डिपर आणि अप्पर, मागे तीन चपट्या पिना, त्यावर काळ्या रबराचं गोल डस्ट कव्हर आणि सगळ्यात वर कपलर.

जुना बल्ब फेकू नका, आधी वाचा

आमच्या शेजारी एक सर राहतात. मेढ्याला शाळेवर जातात, रोज गाडीनं. त्यांच्या हॅचबॅकचा डावा बल्ब असाच सारखा जात होता. सुदैवानं त्यांनी आधीचे दोन्ही बल्ब डिकीतल्या डब्यात ठेवले होते. मास्तरांची सवय, काही टाकून द्यायचं नाही.

पहिल्या बल्बच्या काचेवर एका बाजूला फुगवटा होता. बोटानं नाही, पण उजेडात आडवा धरला की स्पष्ट दिसत होता. त्याच जागी काच दुधाळ झाली होती. ही बोटाची खूण. हॅलोजन बल्बची काच साध्या घरगुती बल्बसारखी नसते. ती क्वार्ट्झची किंवा खास कणखर काचेची असते, कारण चालू असताना ती काही शे अंश तापते आणि आतला वायू चांगलाच दाबाखाली असतो. हाताच्या घामात मीठ असतं, त्वचेवर तेल असतं. ते काचेवर राहिलं की त्या उष्णतेत तेल जळून काळपट डाग पडतो, तिथे काच जास्त तापते. मिठातला सोडियम क्वार्ट्झची घडणच बिघडवतो, त्या जागी ती पांढुरकी आणि ठिसूळ होते. आतला दाब मग तिथूनच बाहेर ढकलतो. फुगवटा येतो तो असा.

दुसऱ्या बल्बच्या आत पांढरी-पिवळसर भुकटी बसली होती, धूर कोंडल्यासारखी. त्याचा अर्थ आत हवा शिरली. काच कुठेतरी तडकली, तापलेल्या टंगस्टनच्या तारेला ऑक्सिजन मिळाला आणि ती जळून तिची राख आतल्या काचेवर बसली. भिंगानं पाहिल्यावर बुडापाशी केसाएवढी चीर सापडली. हेडलाइटमध्ये पाणी होतंच. तापलेल्या काचेवर गार थेंब पडून ती तडकली असावी, हाच तर्क जुळत होता.

तिसरा प्रकार असतो तो म्हणजे काच स्वच्छ, फुगवटा नाही, भुकटी नाही, फक्त तार तुटलेली. आतून काळपट-चंदेरी छटा आली असेल तर बल्ब वयानं गेला, तक्रार नाही. नवाकोरा असतानाच तार तुटत असेल तर हादरे किंवा जास्त व्होल्टेज. त्याबद्दल शेवटी.

सरांच्या बाबतीत म्हणजे एक बल्ब बोटानं मारला, एक पाण्यानं. बल्बची कंपनी दोन्ही वेळा निर्दोष.

बंद हेडलाइटमध्ये पाणी जातंच कसं

हेडलाइट हा हवाबंद डबा नाही. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते आणि बाहेर पडते. विझला की ती आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. यासाठी कंपनीनं मागे छोटी श्वासवाट ठेवलेली असते: वाकडी रबरी नळी किंवा बारीक जाळी-पडदा. तिचं तोंड खाली वळवलेलं असतं, त्यामुळे हवा जाते पण शिंतोडा आत येत नाही.

आता मागच्या रबराची कड एखाद्या ठिकाणी उचललेली असेल तर काय होईल बघा. मेढ्याहून पावसात दिवे लावून तासभर आलात, दारात गाडी लावली, दिवे बंद केले. तापलेला हेडलाइट पावसात झपाट्यानं गार होतो आणि हवा ओढायला लागतो. ती सगळ्यात सोप्या वाटेनं येणार, म्हणजे उचललेल्या कडेतून. तिथे चाकानं उडवलेलं पाणी थबकून असेल तर हवेबरोबर तेही आत. अशी गाडी रोज जरा जरा पाणी पिते. म्हणूनच "गाडी धुतली तेव्हा तर काही गेलं नाही" हा पुरावा धरू नका. धुताना दिवा गार असतो, तो काही ओढत नसतो.

थोडं धुकं मात्र चालतं. पहाटेच्या गारठ्यात किंवा धुतल्यावर काचेच्या आत पातळ वाफ धरली आणि दिवे लावून गाडी चालवल्यावर ती अर्ध्या-एक तासात निघून गेली, तर श्वासवाट नीट चालतेय एवढंच समजा. थेंब ओघळत असतील, तळाशी पाणी साचून हेलकावत असेल, तर ते रबराचं काम.

बल्ब बदलताना

दिवे बंद, चावी बाहेर, आणि बल्ब नुकताच जळत असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा. बॅटरी आडवी येत असेल तर ती सरळ काढा. दहाचा पाना पुरतो: आधी काळी, म्हणजे वजा टर्मिनल, मग लाल, मग खालची पट्टी. बसवताना उलट क्रम, काळी शेवटी. घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं पुन्हा लावावी लागतील, एवढाच तोटा. पण मागची अख्खी गोल कड डोळ्यांना दिसते आणि निम्मं काम तिथेच सोपं होतं. माझ्या मते न बघता काम करायचं नसेल तर ही दहा मिनिटं घालवाच.

कपलर सरळ मागे ओढा, वायरला धरून नव्हे, कपलरलाच धरून. घट्ट असेल तर हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवत. काढल्यावर त्याच्या आत बघा: पितळी पट्ट्यांवर हिरवट-पांढरी बुरशी असेल किंवा प्लास्टिक करपून तपकिरी झालं असेल तर नवा बल्ब टाकूनही तो टिकणार नाही. सैल किंवा गंजलेला जोड तापतो आणि बल्ब लुकलुकतो. असा कपलर बदलून घ्या.

मग रबर. ते वरच्या बाजूला जी जीभ असते तिला धरून सोलल्यासारखं काढा. आत तारेची स्प्रिंग क्लिप दिसेल. ती आत दाबून बाजूला सरकवली की सुटते. जुना बल्ब पिनांना धरून मागे घ्या. हेडलाइट उघडा असताना आत काही पडू देऊ नका आणि आतल्या चकचकीत भागाला बोट, फडकं, काहीही लावू नका. तो आरसा म्हणजे अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. पुसायला गेलात की थर निघतो आणि मग हेडलाइटच बदलावा लागतो.

नवा बल्ब खोक्यातून काढताना काचेवरची कागदी किंवा प्लास्टिकची नळी काढूच नका. धरायचं ते मागच्या पत्र्याच्या चकतीला आणि पिनांना. काच भोकाच्या तोंडाशी आली की मगच नळी ओढून काढा आणि बल्ब आत सरकवा. स्वच्छ नायट्राइलचे हातमोजे घातले तर उत्तमच. गॅरेजातले कापडी मोजे मात्र नकोत, त्यांच्यात बोटांपेक्षा जास्त तेल मुरलेलं असतं.

चकतीला तीन कान असतात, त्यातला एक रुंद. तो वर येतो; बल्ब एकाच तऱ्हेनं बसतो. तो बसला की पिनांची रचना अशी दिसते: वर एक आडवी, खाली दोन बाजूंना दोन उभ्या. चकती सगळीकडून सारखी टेकली की क्लिप लावा. क्लिपला जोर लावावा लागत असेल तर बल्ब तिरका आहे, थांबा. तिरका बसलेला बल्ब जळतो, पण उजेड झाडांवर नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर टाकतो.

चुकून काचेला हात लागलाच तर बल्ब टाकून द्यायची गरज नाही. मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये स्वच्छ सुती फडकं भिजवून काच पुसा, पूर्ण वाळू द्या, मग दिवा लावा. पेट्रोल, थिनर नको. वाळल्यावर त्यांचा अंश मागे राहतो. शर्टाच्या टोकानं पुसणं म्हणजे तेलाचा डाग पसरवणं. हे सगळं करायचं ते लावण्याआधी. एकदा डागासकट तापला की नुकसान झालेलं असतं.

खरं काम: रबर बसवणं

लोक बल्ब जपून बसवतात आणि रबर नुसतं वर दाबून देतात. इथेच घोटाळा होतो. या रबराला दोन कडा असतात. आतल्या छिद्राची कड बल्बच्या पत्र्याच्या गोल बुडाला घट्ट बिलगायला हवी आणि बाहेरची कड हेडलाइटच्या प्लास्टिकच्या गोल काठावर चढायला हवी. दोन्ही ठिकाणी बसलं तरच ते बंद.

रबरावर बहुधा ‘टॉप’ अशी खूण उठवलेली असते, ती वर. खाली पाणी निथळायची खाच असेल तर ती त्यामुळे आपोआप खाली येते. आधी मध्य बसवा: तीन पिना छिद्रातून बाहेर घ्या आणि दोन्ही अंगठ्यांनी छिद्राभोवती फिरत फिरत दाबा. तिन्ही पिना सारख्याच बाहेर दिसल्या पाहिजेत. एक आखूड दिसत असेल तर त्या बाजूला रबर बल्बच्या बुडापर्यंत गेलेलं नाही. मग बाहेरची कड, आणि ती खालून सुरू करा. बहुतेक जण वरून सुरू करतात कारण वरचं दिसतं, आणि खालचा भाग अर्धवट राहतो. नेमकं तिथेच चाकाचं पाणी उडतं.

कपलरसुद्धा तुम्हाला सांगतो. रबर पूर्ण बसलं असेल तर कपलर तळापर्यंत जातो. मध्येच अडत असेल तर रबर जाड होऊन मध्ये आलंय. तसाच अर्धा ठेवून दिला तर पिना थोड्याच भागात टेकतात, तिथे तापतात आणि काही महिन्यांनी प्लास्टिक करपतं.

सरांच्या गाडीत आम्ही बोटानं चाचपून पाहिलं, कड सगळीकडे बसल्यासारखी वाटत होती. मोबाइलचा कॅमेरा खाली घालून फोटो काढला, त्यातही नक्की कळेना. सरांच्या खिशात खडू होता. रबराची आतली खाच, जी प्लास्टिकच्या काठावर चढते, तिच्यावर खडू घासला, जास्तीची भुकटी झटकली आणि बल्ब जागेवर ठेवूनच रबर नेहमीसारखं बसवलं. परत काढलं तेव्हा काळ्या काठावर पांढरं वर्तुळ उमटलं होतं, पण अपुरं. घड्याळाच्या तबकडीवर पाच ते सात असतात तेवढ्या भागात काठ काळाच्या काळाच.

"म्हणजे एवढा पेपर कोराच सोडला की," सर म्हणाले.

रबर हातात घेऊन वाकवलं तर कारण कळलं. वरचा भाग मऊ होता, तो भाग कडक होऊन बाहेर वळलेला. बराच काळ बॅटरीच्या पट्टीनं दाबून तो त्याच आकारात बसला होता. गरम पाण्यात टाकून सरळ करायचा विचार सरांनी मांडला. मी नको म्हटलं. म्हातारं रबर गरम असताना सरळ होतं, गार झाल्यावर पुन्हा वळतं. त्याच मॉडेलचं नवं रबर स्पेअर पार्टच्या दुकानातून आणलं. नेताना जुनं बरोबर न्या, कारण बाहेरचा व्यास गाडीगणिक बदलतो आणि ‘सगळ्यांना बसतं’ म्हणून दिलेलं रबर बहुधा कुणालाच नीट बसत नाही. नव्यावर खडूची तीच परीक्षा घेतली, वर्तुळ पूर्ण उमटलं. खडू ओल्या फडक्यानं पुसून, काठ कोरडा करून शेवटचं बसवलं. बॅटरीची पट्टी लावताना ती रबराला टेकत नाही हे पाहिलं. पाऊस संपेपर्यंत काच कोरडी राहिली.

रबर चढायला फारच घट्ट असेल तर बाहेरच्या काठाला सिलिकॉन ग्रीसचं अगदी पुसट बोट लावा. साधं ग्रीस, इंजिन ऑइल, व्हॅसलीन नको. अशी रबरं खनिज तेलात फुगतात आणि मग सैल पडतात. ग्रीस लावून झाल्यावर हात धुतल्याशिवाय बल्बजवळ जाऊ नका.

आतलं पाणी आणि सिलिकॉनचा मोह

नवं रबर चढवण्याआधी आतलं पाणी बाहेर काढा, नाहीतर ते आतच कोंडलं जाईल. बल्ब काढून, उन्हाकडे तोंड करून, मागच्या भोकावर पातळ मलमल टाकून दुपारभर गाडी ठेवली की पुरतं. ऊन नसेल तर केस वाळवायचा ड्रायर मंद आचेवर, भोकापासून वीतभर लांब धरून. आत फडकं घालून पुसायचं नाही, ते वर सांगितलंच.

अनेक जण मागे सगळीकडे सिलिकॉनची ट्यूब फिरवून मोकळे होतात. हे करू नका. बाजारात सहज मिळणाऱ्या बऱ्याच सिलिकॉनला वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो, कारण त्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं. ते पिनांना आणि आतल्या आरशाला खातं. शिवाय सिलिकॉनच्या नादात श्वासवाट बुजली की आत आधीच असलेली वाफ बाहेर पडत नाही आणि काच कायमची धुरकट राहते. श्वासनळी चिखलानं भरली असेल तर काढून धुवा, वाळवा, परत लावा. हरवली असेल तर नवी आणा.

रबर ठीक असूनही त्रास असेल तर

थेंब कुठून सुरू होतात ते बघा. पुढच्या काचेच्या कडेनं, विशेषतः वरच्या कोपऱ्यातून ओघळ येत असेल तर काच आणि मागचा डबा यांच्यातला जोड सुटलाय. धडक किंवा ठोकर खाल्लेल्या गाड्यांत हे होतं. तिथे मागचं रबर कितीही नीट बसवा, पाणी येणारच.

दोन्ही बाजूंचे बल्ब आलटून पालटून जात असतील तर मीटर घ्या. इंजिन चालू, थोडी रेस देऊन, बॅटरीच्या टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १५ च्या पुढे जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडलाय. व्होल्टेज नुसतं ५ टक्क्यांनी वाढलं तरी तारेचं आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतं, त्यामुळे तिथे बल्बमागून बल्ब घालून काही होणार नाही.

घाटात जास्त उजेड हवा म्हणून १०० वॅटचे बल्ब टाकणारे पुष्कळ आहेत. कंपनीचा एच ४ डिपरला ५५ आणि अप्परला ६० वॅटचा असतो, वायर आणि कपलर त्याच हिशेबानं केलेले. जास्त वॅटचा बल्ब आधी कपलर वितळवतो आणि रबर भाजून कडक करतो, म्हणजे पुन्हा पाण्याची तक्रार. मागे पंखा असलेले एलईडी बल्ब टाकतानाही बघा: पंख्यामुळे रबर चढतच नाही, मग दुकानदार त्याला मोठं भोक पाडून देतो. ते भोक म्हणजे पाण्याला दिलेलं आमंत्रण, आणि उजेडाची आखणीही बिघडते.

ज्या गाड्यांना रबराऐवजी मागे प्लास्टिकचं फिरवून काढायचं झाकण असतं, तिथे परीक्षा तीच, जागा वेगळी. झाकणाच्या खाचेत रबरी रिंग असते. ती चपटी, कडक किंवा पिळलेली असेल तर नवी घाला, आणि झाकण फिरवताना शेवटी खट्‌कन बसल्याचं हाताला कळेपर्यंत सोडू नका. अर्धवट फिरलेलं झाकण हाताला घट्टच लागतं, पण घाटातल्या हादऱ्यांनी दोन दिवसांत सैल होतं.